तांब्या कुणाच्या हातात?

आज आपण आपल्याच दारात थांबूया. पाहुणा अंगणात आला की आपण काय काय करतो आणि ते कधीपासून असं आहे, ते पाहूया.

आपल्या सुरगाण्याच्या पाड्यांवर पाहुणा दिसला की आधी आवाज जातो, "राम राम, या." मग पाणी येतं, आणि तेही दोन प्रकारचं. एक पायांवर घ्यायचं, दुसरं प्यायचं. मग खाट ओढली जाते किंवा घोंगडी अंथरली जाते. पाहुण्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला की "घरची बरी आहेत ना? तुमच्याकडे पाऊस कसा?" असं बोलणं सुरू होतं. "काय काम काढलंत?" हे पाण्याच्या आधी कुणी विचारत नाही. पाणी न देता काम विचारलं, की पाहुण्याला आल्या पावली परत जा असंच ऐकू येतं.

आता पाण्याचा हिशेब पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे धो-धो पाऊस पडतो, पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो, आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. मुलगी बघायला पाच माणसं आली असं धरू. पायांवर एकेक तांब्या म्हटलं तर पाच लिटर गेले. प्यायला आणखी दोन-तीन लिटर. एका हंड्यात बारा-पंधरा लिटर मावतात, म्हणजे अर्धा हंडा दारातच संपला. तो हंडा कुणीतरी बाई चढण चढून डोक्यावरून आणते. म्हणून उन्हाळ्यात पायांवरचं पाणी थोडक्यात आवरतं, पण प्यायचं पाणी कमी होत नाही.

जुनी माणसं तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पितात. त्यात उष्ट्याचा विचार आहेच, पण उरलेलं पाणी दुसऱ्याच्या कामी येतं, हाही हिशेब आहे. इथे तांब्या पाहुण्याच्या हातात असतो. किती प्यायचं, कधी थांबायचं, ते तोच ठरवतो.

पण पाणी वरून देण्याची दुसरीही एक रीत होती. ज्याला खालचा मानलं, त्याच्या हातात भांडं द्यायचंच नाही. त्याने अंगणात वाकून ओंजळ धरायची आणि घरच्याने उंचावरून पाणी ओतायचं. धार कधी थांबवायची, हे ओतणारा ठरवायचा. बसायचं ते अंगणातल्या मातीवर, ओट्यावर नाही. पहिला शब्दही "या" नसायचा, "काय रे?" असायचा. पाणी, बसायची जागा आणि शब्द, तिन्ही गोष्टी मिळायच्या, पण त्यातूनच माणसाची पायरी दाखवली जायची.

ही रीत सहज मोडली नाही. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. ज्यांना लोक दाराबाहेर उभं करत, त्यांनी आता स्वतःच्या हाताने पाणी भरून घ्यावं, असा त्याचा अर्थ होता. पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्यायले, तेव्हाही ओंजळच होती. पण ती कुणापुढे धरलेली नव्हती, थेट तळ्यात बुडवलेली होती. 1950 मध्ये राज्यघटना लागू झाली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली.

त्याआधी दोन वर्षं, 1948 मध्ये, आपलं सुरगाणा संस्थान विलीन झालं होतं. पुढे पाड्यांवर तलाठी, गुरुजी, नर्सबाई येऊ लागल्या आणि खाटेशेजारी खुर्ची आली. आज अनेक घरांत एकच खुर्ची असते. ती साहेबांना मिळते, आणि बरोबर आलेली आशाताई उंबऱ्यापाशी टेकते. साहेबांना बाटलीतलं पाणी आणि ताईला माठातलं, असंही आपण पाहतो. ओंजळ गेली, पण पायरी दाखवायच्या नव्या खुणा आल्या. पाहुण्याला आपल्या घरी काय वाटलं, हे अशा खुणांवरून ओळखता येतं. ताई खाली बसते, पण पाणी पीत नाही, "आत्ताच प्यायले" म्हणते.

आमच्या गटातली एक आजी सांगते. लहानपणी ती आईबरोबर सावकाराच्या अंगणात गेली होती. आईने ओंजळ धरली, पाणी कोपरावरून ओघळलं आणि लुगडं भिजलं. वाटेत आई एवढंच म्हणाली, "तहान गेली नाही." आजीच्या घरी आजही कुणीही आलं, तरी भरलेला तांब्या फुलपात्र उपडं ठेवून पाहुण्याच्या हातातच दिला जातो. ती स्वतः ओतत नाही.