नफा दिसतो, मग गल्ला रिकामा का? चाकूरची डाळ मिल आणि कॅश फ्लोची गोष्ट

आजची गोष्ट चाकूरच्या डाळ मिलची आहे, पण ती सुरू होते वेल्समध्ये, १८६३ साली. तिथं डौलेस नावाचा एक मोठा लोखंडाचा कारखाना होता. मंदी सरली होती, वह्यांमध्ये नफा दिसत होता, आणि नवी भट्टी उभारायची वेळ आली तेव्हा हातात पैसाच नव्हता. मग व्यवस्थापकानं दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवले आणि कुठली बाब किती वाढली, किती घटली हे लिहून काढलं. उत्तर सापडलं: पैसा साठ्यात अडकून पडला होता. आज आपण ज्याला कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणतो, त्याच्या पूर्वजांमध्ये हा कागद मोजला जातो.

हाच प्रश्न लातूर-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्याही मिलवाल्याला विचारा. "सीए म्हणतो नफा झाला. मग बँकेत का नाही?" भांडण सीएशी नसतं, भांडण असतं नफा आणि रोकड या दोन शब्दांचं. ते सोडवायला आपण चाकूरची एक डाळ मिल कल्पनेत उभी करू. छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तूर घेते, डाळ विकते. सगळे आकडे मी सोपे ठेवलेत, आणि सगळे लाखांत आहेत.

वर्षाची विक्री २००. विकलेल्या डाळीसाठी लागलेली तूर १६०. मजुरी, वीज, बारदाना मिळून १६. यंत्रांचा घसारा ४. बँकेचं व्याज ५. एक जुनं यंत्र विकलं, त्याची वहीतली किंमत २ होती, ते ३ ला गेलं, म्हणजे १ नफा. बेरीज-वजाबाकी केली की कराआधीचा नफा १६ येतो. कर भरला ४. उरला नफा १२. उत्तम वर्ष! पण १ एप्रिलला बँकेत ३ होते आणि ३१ मार्चला २ आहेत.

आता हा हिशेब दोन तऱ्हांनी लावता येतो. पहिली तऱ्हा आपल्याकडे फार जुनी आहे. पेशवे दफ्तरात रोजकीर्द नावाचे कागद आहेत: त्या त्या दिवशी काय जमा झालं, काय खर्च पडलं. दुकानातला रोजमेळही तसाच. सकाळची शिल्लक, आलेले, गेलेले, रात्रीची शिल्लक. यात नफ्याचा विषयच नाही. पैसा दारातून आत आला की नाही, एवढंच. पुस्तकात याला डायरेक्ट मेथड म्हणतात.

मिलचा रोजमेळ वर्षभराचा एकत्र केला तर असं दिसतं. विक्री २०० ची, पण व्यापाऱ्यांकडची उधारी ३० नं वाढली, म्हणून हातात आले १७०. तूर लागली १६०, पण गोदामातला साठा १२ नं वाढवला, म्हणजे खरेदी १७२ ची. त्यातले ७ आडत्याकडं बाकी राहिले, म्हणून प्रत्यक्ष दिले १६५. मजुरी-वीज १६, कर ४. आता करा वजाबाकी: १७० मधून १६५, १६ आणि ४ गेले. उरले उणे १५. म्हणजे डाळ भरडून विकण्याच्या धंद्यानं वर्षभरात पैसा दिला नाही, उलट १५ लाख खाल्ले.

दुसरी तऱ्हा डौलेसच्या व्यवस्थापकाच्या घराण्यातली. ती नफ्यापासून सुरू होते आणि उलटी चालत रोकडीपर्यंत येते. ही इनडायरेक्ट मेथड. कराआधीचा नफा १६ घ्या. घसारा ४ परत मिळवा, कारण घसाऱ्याचा चेक कुणाला दिलेला नसतो. व्याज ५ परत मिळवा, ते पुढं वेगळ्या खान्यात दाखवायचंय. जुन्या यंत्रावरचा नफा १ वजा करा, कारण त्या विक्रीचे पूर्ण ३ दुसरीकडं येणार आहेत, इथं ठेवला तर तो दोनदा मोजला जाईल. झाले २४. आता उधारी वाढली, ३० वजा. साठा वाढला, १२ वजा. आडत्याची देणी वाढली, म्हणजे त्याच्या पैशावर आपण चाललो, ७ अधिक. राहिले उणे ११. कर ४ भरला. उणे १५.

बघा, उत्तर तेच. ते वेगळं येऊच शकत नाही. आलं तर कुठंतरी चूक आहे. फरक आहे तो कागद काय सांगतो यात. पहिला सांगतो पैसा कुणाकडून आला आणि कुणाला गेला. दुसरा सांगतो नफा आणि रोकड यांच्यात दरी कुठं पडली. मिलच्या बाबतीत दरीचं नाव स्पष्ट आहे: उधारी आणि साठा.

इथं कुणी म्हणेल, "अहो, आमच्याकडं तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, मार्चला गोदाम भरलेलंच असतं." बरोबर आहे. पण आपण ३१ मार्चची तुलना मागच्या ३१ मार्चशी करतोय. गोदाम तेव्हाही भरलेलंच होतं. म्हणून १२ ची वाढ हंगामाची नाही. एक तर जास्त पोती पडलीत, नाहीतर तीच पोती महाग भावानं आलीत. नेमकं काय, ते कॅश फ्लोमध्ये दिसत नाही. त्यासाठी पोती मोजावी लागतात.

आता उरलेले दोन खाने. यंत्र, जागा, इमारत अशा टिकाऊ वस्तू घेणं-विकणं म्हणजे इन्व्हेस्टिंग. मिलनं डाळ निवडायचं नवं यंत्र २० ला घेतलं, जुनं ३ ला विकलं: उणे १७. मालकांचे आणि सावकारांचे पैसे येणं-जाणं म्हणजे फायनान्सिंग. यंत्रासाठी कर्ज १५ आलं, कॅश क्रेडिटची उचल २५ नं वाढली, जुन्या कर्जाचे हप्ते ४ गेले, व्याज ५ गेलं: अधिक ३१. तिन्ही खाने जोडा. उणे १५, उणे १७, अधिक ३१. एकूण उणे १. तीनाचे दोन झाले. मेळ बसला.

आणि आता खरी गोष्ट दिसते. यंत्राला १५ चं कर्ज घेतलं यात वावगं काही नाही. पण कॅश क्रेडिटचे २५ गेले कुठं? बहुतेक धंद्याच्या उणे १५ मध्ये. म्हणजे व्यापाऱ्यांना दिलेली उधारी बँकेच्या पैशावर चाललीय, आणि व्याज मिल भरतेय.

हे खाने पूर्वीपासून असे नव्हते. भारतात १९८१ साली आयसीएआयनं काढलेला एएस ३ हा नियम फंड फ्लोच्या धर्तीचा होता. त्या पद्धतीत फंड म्हणजे सहसा खेळतं भांडवल, आणि खेळत्या भांडवलात उधारी आणि साठाही आला. तसं मोजलं तर आपल्या मिलच्या धंद्यातून, कर भरून आणि व्याज बाजूला ठेवून, अधिक २० दिसतात. न वसूल झालेली उधारीसुद्धा कमाईत धरलेली! अमेरिकेत डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची हजारावर दुकानांची साखळी होती. तिचा नफा आणि खेळतं भांडवल अनेक वर्षं ठीक दिसत होतं, पण धंद्यातली रोकड बऱ्याच वर्षांत उणे होती. १९७५ मध्ये तिचं दिवाळं निघालं. नंतर अभ्यासकांनी तिचे जुने हिशेब रोकडीच्या मापानं पुन्हा मांडले तेव्हा धोका आधीच दिसत होता.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या हिशेब मंडळानं तीन खान्यांचं कॅश फ्लो स्टेटमेंट सक्तीचं केलं, तेही ४ विरुद्ध ३ मतांनी. विरोध करणाऱ्यांचे दोन मोठे आक्षेप आजही ताजे आहेत. एक, इनडायरेक्टला परवानगीच का? दोन, दिलेलं व्याज धंद्याच्या खान्यात का, ते तर कर्जाचं भाडं आहे! अमेरिकेत व्याज धंद्यातच राहिलं. आपल्याकडं १९९७ च्या सुधारित एएस ३ नं बँका-वित्तसंस्था सोडून बाकीच्यांसाठी ते फायनान्सिंगमध्ये टाकलं. म्हणून आपली मिल इथं उणे १५, आणि अमेरिकी पद्धतीनं उणे २०. मिल तीच, रोकड तीच. दोन देशांतल्या कंपन्या तुलनेला घेताना हे आधी बघायचं.

डायरेक्ट पद्धत वाचायला सोपी असूनही हरली का? कारण इनडायरेक्ट दोन ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकावरून बसल्या जागी निघते, डायरेक्टला प्रत्येक पावती कुठल्या कारणाची हे वेगळं ठेवावं लागतं. नियमही डायरेक्टला प्रोत्साहन देतात, पण सक्ती करत नाहीत. आपल्याकडं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तर सेबी इनडायरेक्टच मागते. छोट्या कंपनीला कायद्यानं हे पत्रक देण्यातून सूट आहे. म्हणजे चाकूरच्या मिलनं ते मागितल्याशिवाय कुणी करून देणार नाही.

शेवटी एक सावधगिरी. एकूण रोकड खोटी दाखवणं अवघड, पण खाना बदलणं सोपं. समजा मिलच्या मजुरी-विजेच्या १६ मध्ये ६ दुरुस्तीचे आहेत. ते "नवं यंत्र" म्हणून लिहिले, की धंदा उणे १५ वरून उणे ९ वर येतो आणि इन्व्हेस्टिंग उणे १७ वरून उणे २३ वर जातं. बँकेतले २ हलत नाहीत, पण धंदा सुधारल्यासारखा दिसतो, वरून नफाही फुगतो. वर्ल्डकॉम या अमेरिकी कंपनीनं दुसऱ्यांच्या फोन लाइन वापरण्याचा खर्च असाच मालमत्तेत टाकला होता. २००२ मध्ये तो बाहेर आला तेव्हा पहिला जाहीर झालेला आकडाच ३८० कोटी डॉलरचा होता.

हे ओळखायचं कसं? वहीत यंत्रं वाढली पण मिलची रोजची भरड तेवढीच राहिली, तर बिलं मागा. नफा वाढतोय आणि ऑपरेटिंगचा आकडा दोन-तीन वर्षं सलग त्याच्या खाली राहतोय, तर उधारीची यादी मागा, नावानिशी आणि तारखेनिशी. एका वर्षाच्या उणे आकड्यानं घाबरू नका, वाढत्या धंद्यात तो येतो. पण तो उणे आकडा दरवर्षी कॅश क्रेडिट भरून काढत असेल, तर त्या मिलला नफा होतोय की नाही हे व्यापारी उधारी कधी चुकवतात त्यावर ठरणार आहे.