मुलांचे रक्त घेण्यापूर्वीचे बधिर मलम

रक्ततपासणीच्या सुईची वेदना कमी करण्यासाठी लिग्नोकेन व प्रिलोकेन यांचे मिश्र मलम वापरतात. ते जाड थराने लावून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, चोळू नये. परिणामासाठी किमान एक तास लागतो. घाई केल्यास त्वचेचा वरचा थरच बधिर होतो.

तीन महिन्यांखालील बाळास एकूण १ ग्रॅम आणि तीन महिने ते एक वर्ष या वयात २ ग्रॅम ही मर्यादा आहे. दोन्ही वयांत ते एका तासाहून अधिक ठेवू नये. एक वर्षानंतर प्रत्येक जागी १ ते २ ग्रॅम पुरते. वयाच्या मानाने वजन कमी असल्यास आधीच्या गटाचे प्रमाण धरावे.

समजा, डोंबिवलीच्या तीन वर्षांच्या मुलाचे रक्त ठाण्यात सकाळी नऊला घ्यायचे आहे. साडेसातला घरीच दोन्ही कोपरांच्या खळग्यांत प्रत्येकी १ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ट्यूबचा पाचवा भाग, लावावा. एका हाताची शीर सापडली नाही, तर दुसरा तयार असतो. पावणेनऊला मलम पुसावे. त्वचा पांढुरकी दिसते व शीर आकसते. दहा-पंधरा मिनिटांत ती पुन्हा दिसू लागते.

प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. जी-६-पीडीची कमतरता असल्यास किंवा सल्फा औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ओठ वा नखे निळसर दिसल्यास मलम पुसून तातडीने रुग्णालय गाठावे.