सरकते मुक्त टोक असलेल्या तारेवरील स्थिर तरंग

एक टोक पक्के बांधलेल्या आणि दुसरे टोक दांड्यावर सरकणाऱ्या हलक्या कड्याला जोडलेल्या ताणलेल्या तारेवर किंवा दोरीवर निर्माण होणाऱ्या स्थिर तरंगांमध्ये बांधलेल्या टोकाशी निस्पंद बिंदू आणि सरकत्या टोकाशी प्रस्पंद बिंदू असतो. अशा तारेच्या अनुमत वारंवारता मूळ वारंवारतेच्या केवळ विषम पटींत असतात. सम पटीतील वारंवारता आढळत नाहीत. दोन्ही टोके पक्की असलेल्या तितक्याच लांबीच्या तारेच्या तुलनेत तिची मूळ वारंवारता निम्मी असते. हे निष्कर्ष आदर्श, म्हणजे वस्तुमानरहित व घर्षणरहित कड्यासाठी अचूक आहेत. प्रत्यक्षातील कड्यामुळे त्यांत पडणारा फरक मोजता येतो.

## रचना

ताण नसलेल्या तारेवर आडवे तरंग जाऊ शकत नाहीत. त्यामुळे तारेचे टोक नुसते मोकळे सोडून 'मुक्त टोक' मिळत नाही. टोक कोणीतरी तारेच्या दिशेने ओढून धरले पाहिजे, पण तारेला लंब असलेल्या दिशेत त्याला अडवता कामा नये. तारेला काटकोनात बसवलेला गुळगुळीत दांडा नेमके हेच करतो. तो कड्याला लांबीच्या दिशेने जाऊ देत नाही, म्हणून तारेत ताण टिकतो. दांड्याच्या दिशेने मात्र तो कड्यावर कोणतेही बल लावत नाही.

पुढील विवेचनात तारेची लांबी L, ताण T आणि एकक लांबीचे वस्तुमान μ मानले आहे. बांधलेले टोक x = 0 येथे आणि कडे x = L येथे आहे. तारेचे आडवे विस्थापन y असून ते लांबीच्या मानाने लहान आहे. तारेवरील तरंगाचा वेग पुढीलप्रमाणे असतो.

v = √(T/μ)

## सीमा अटी

बांधलेले टोक हलत नाही, म्हणून तेथे प्रत्येक क्षणी y = 0 असते. सरकत्या टोकाची अट न्यूटनच्या दुसऱ्या नियमावरून मिळते. कड्यापाशी तार किंचित तिरपी झाली, तर तिच्या ताणाचा एक लहान घटक कड्याला दांड्यावरून ओढतो. हा घटक ताण आणि तारेचा तेथील चढ यांच्या गुणाकाराइतका असतो. कड्याचे वस्तुमान m असल्यास

m ∂²y/∂t² = −T ∂y/∂x  (x = L)

कड्याचे वस्तुमान शून्य मानल्यास डावी बाजू शून्य होते. ताण शून्य नसल्यामुळे चढच शून्य असावा लागतो.

∂y/∂x = 0  (x = L)

म्हणजेच तार दांड्याला नेहमी काटकोनातच मिळते, मग कडे कितीही वर किंवा खाली गेलेले असो. चढ शून्य नसता, तर वस्तुमान नसलेल्या कड्यावर काही बल उरले असते आणि त्याला अनंत त्वरण मिळाले असते. फलनाच्या किमतीऐवजी तिच्या चढावर घातलेल्या अशा अटीला जर्मन गणितज्ञ कार्ल नॉयमान यांच्या नावावरून नॉयमान अट म्हणतात, तर पक्क्या टोकावरील y = 0 ही डिरिक्ले अट होय.

## परावर्तन आणि विषम पटी

पक्क्या टोकावर आदळलेला स्पंद उलटा होऊन परततो: वर उचललेला उंचवटा खोलगट होऊन येतो. सरकत्या टोकावरून तो सुलटाच परततो. परावर्तनाच्या क्षणी येणारा व परतणारा स्पंद एकमेकांत मिळतात, त्यामुळे कडे मूळ स्पंदाच्या दुप्पट उंचीपर्यंत जाते.

सम पटी का नसतात याचे कारण या दोन परावर्तनांत आहे. तारेवरील स्पंद एक पूर्ण फेरी, म्हणजे 2L अंतर, कापून मूळ जागी येतो तेव्हा तो एकदा उलटलेला असतो. मूळ रूपात येण्यासाठी त्याला आणखी एक फेरी लागते. म्हणून तारेच्या हालचालीचा आवर्तकाल 4L/v असतो आणि त्याच्या बरोबर निम्म्या वेळाने तारेचे विस्थापन सर्वत्र उलट चिन्हाचे झालेले असते. सम पटीची कंपने निम्म्या आवर्तकालानंतर जशीच्या तशी परततात, त्यांचे चिन्ह बदलत नाही. म्हणून ती या हालचालीत सामील होऊ शकत नाहीत.

## अनुमत वारंवारता

पहिली सीमा अट पाळणाऱ्या स्थिर तरंगाचे रूप असे असते.

y = A sin(kx) cos(ωt)

येथे k = 2π/λ आणि ω = 2πf. दुसऱ्या अटीनुसार x = L येथे चढ शून्य हवा, म्हणजे cos(kL) = 0. यावरून kL ची किंमत π/2, 3π/2, 5π/2 … अशीच असू शकते. तारेच्या लांबीत तरंगलांबीचे विषम संख्येइतके चतुर्थांश मावतात.

L = (2n − 1) λ/4

f = (2n − 1) v/(4L),  n = 1, 2, 3, …

मूळ कंपनात (n = 1) तारेवर फक्त पाव तरंग असतो. त्यापुढील प्रत्येक कंपनप्रकारात अर्ध्या तरंगाची भर पडते आणि एक निस्पंद बिंदू वाढतो.

## उदाहरण

एका दोरीची लांबी १.२५ मीटर, एक मीटरचे वस्तुमान ५ ग्रॅम आणि ताण २ न्यूटन आहे. तरंगवेग √(२/०.००५), म्हणजे २० मीटर प्रति सेकंद येतो. मूळ वारंवारता २०/(४ × १.२५) = ४ हर्ट्झ आणि पुढील वारंवारता १२, २० व २८ हर्ट्झ. तीच दोरी दोन्ही टोकांना पक्की बांधली असती, तर ८, १६, २४ हर्ट्झ अशी मालिका मिळाली असती.

१२ हर्ट्झला तरंगलांबी सुमारे १.६७ मीटर असते. बांधलेल्या टोकाखेरीज आणखी एक निस्पंद बिंदू त्या टोकापासून ८३.३ सेंटिमीटरवर दिसतो. २० हर्ट्झला तरंगलांबी १ मीटर असून निस्पंद बिंदू ५० व १०० सेंटिमीटरवर येतात. शेवटचा निस्पंद बिंदू आणि कडे यांतील अंतर दोन निस्पंद बिंदूंमधील अंतराच्या निम्मे असते.

प्रयोगात बांधलेले टोक कंपकाने अगदी थोडे हलवून दोरीला ऊर्जा दिली जाते. कंपकाचा परमप्रसर a असल्यास, घर्षण नसताना, कड्याचा परमप्रसर a/|cos(kL)| इतका असतो. अनुमत वारंवारतांजवळ हा भागाकार फार मोठा होतो. ८ हर्ट्झला मात्र kL = π असल्यामुळे कडे कंपकाइतकेच हलते; तेथे अनुस्पंदन मुळीच नसते. दोन लगतच्या अनुस्पंदन वारंवारतांमधील फरक पहिल्या वारंवारतेच्या दुप्पट आला, तर टोक मुक्त आहे. तो पहिल्या वारंवारतेइतकाच आला, तर टोक प्रत्यक्षात अडकलेले आहे.

दांडा उभा असल्यास दोरी स्वतःच्या वजनाने झुकते. वरील उदाहरणात हलके कडे स्थिर टोकाच्या पातळीपेक्षा जवळपास २ सेंटिमीटर खाली स्थिरावते. कंपने या समतोल स्थितीभोवती होतात आणि वारंवारतांवर त्याचा लक्षणीय परिणाम होत नाही.

## कड्याच्या वस्तुमानाचा परिणाम

कड्याला वस्तुमान असल्यास त्याला हलवण्यासाठी दोरीला तेथे थोडे तिरपे व्हावे लागते. चढ शून्य राहत नाही आणि अनुमत वारंवारता पुढील समीकरणावरून ठरतात.

cot(kL) = (m/μ) k

m/μ ही राशी म्हणजे कड्याइतक्या वस्तुमानाच्या दोरीची लांबी होय. कडे हलके आणि वारंवारता कमी असेल, तर दोरी जणू तेवढ्याने लांब झाल्याप्रमाणे वागते. उदाहरणातील दोरीला ०.५ ग्रॅमचे कडे लावल्यास ही वाढ १० सेंटिमीटर होते. दोरीची लांबी १.३५ मीटर धरून पहिल्या दोन वारंवारता ३.७० व ११.११ हर्ट्झ येतात. वरील समीकरण सोडवून मिळणाऱ्या किमती ३.७० व ११.१४ हर्ट्झ आहेत. दोन्ही वारंवारता ४ व १२ हर्ट्झपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी आहेत, तरी त्यांचे गुणोत्तर जवळजवळ १ : ३ च राहते. त्यामुळे केवळ गुणोत्तर तपासून कड्याच्या वस्तुमानाचा परिणाम लक्षात येत नाही. ताण व वस्तुमान यांवरून काढलेल्या वेगाशी तुलना केल्यावरच तो दिसतो.

वारंवारता वाढत जाते तसे कडे अधिकाधिक जड भासू लागते. (m/μ)k ची किंमत १ झाली की कड्याचा परमप्रसर प्रस्पंद बिंदूच्या सुमारे ७१ टक्के उरतो. उदाहरणात ही स्थिती सुमारे ३२ हर्ट्झला येते. त्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतांना कडे जवळपास हलतच नाही आणि लगतच्या वारंवारता दोन्ही टोके पक्की असलेल्या दोरीच्या वारंवारतांजवळ येतात. तेच टोक कमी वारंवारतेला मुक्त आणि फार जास्त वारंवारतेला पक्के ठरते.

## घर्षणाचा परिणाम

दांड्यावरील रोध कड्याच्या वेगाच्या प्रमाणात असेल आणि त्याचा गुणांक b असेल, तर परावर्तित व आपाती तरंगांच्या परमप्रसरांचे गुणोत्तर असे मिळते.

R = (Z − b)/(Z + b),  Z = √(Tμ)

Z हा दोरीचा तरंगरोध असून उदाहरणात तो ०.१ किलोग्रॅम प्रति सेकंद आहे. b शून्य असताना पूर्ण तरंग सुलटा परततो. b = Z झाल्यास कडे तरंगाची सर्व ऊर्जा शोषून घेते, काहीच परत येत नाही आणि स्थिर तरंग तयार होत नाही. b त्याहून मोठा झाला की परावर्तन उलटे होऊ लागते आणि टोक पक्क्या टोकासारखे वागते.

घर्षण असल्याची खूण निस्पंद बिंदूंवर दिसते: कड्याजवळच्या निस्पंद बिंदूवर दोरी पूर्ण स्थिर न राहता किंचित हलत राहते. b हा Z पेक्षा लहान असताना तेथील परमप्रसर आणि प्रस्पंद बिंदूवरील परमप्रसर यांचे गुणोत्तर b/Z असते. ते मोजून b ची किंमत काढता येते. दांडा व कडे यांतील कोरडे घर्षण वेगाच्या प्रमाणात नसते. अशा वेळी लहान परमप्रसराला कडे अडकून बसते आणि मोठ्या परमप्रसरालाच सरकते, त्यामुळे अनुस्पंदन वारंवारता परमप्रसरानुसार बदलताना दिसते.

## समान प्रणाली

एक टोक बंद आणि दुसरे उघडे असलेल्या नळीतील हवेच्या स्तंभाला हेच गणित लागू पडते: बंद टोकाशी हवेचे विस्थापन शून्य, तर उघड्या टोकाशी ते कमाल असते. तेथेही विषम पटी मिळतात आणि कड्याच्या वस्तुमानाप्रमाणे नळीबाहेरील हवेमुळे लांबीत थोडी भर घालावी लागते. बेल प्रयोगशाळेतील जॉन शाइव्ह यांनी बनवलेल्या तरंगयंत्रात मध्यवर्ती तारेवर आडव्या दांड्यांची रांग असते. त्यात मोकळ्या टोकावरून सुलटे आणि धरून ठेवलेल्या टोकावरून उलटे परावर्तन सावकाश घडताना पाहता येते.