आमच्या घरातला मोडी कागद आणि त्यातली भोकं

आपल्या वडोदऱ्यातल्या बऱ्याच जुन्या मराठी घरांत एखादी तरी पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात मोडीतले दोन-चार कागद असतात. आमच्याकडेही एक आहे. त्यावरून घरात जे रामायण झालं, ते आज लिहितो.

आमच्या काकांनी फार वर्षांपूर्वी घराण्याची छोटी पुस्तिका छापली. मुंजीत, लग्नात ती सगळ्यांना वाटली. तिच्यात पहिल्याच पानावर होतं : "श्रीमंत माधवराव पेशवे यांनी आमच्या मूळ पुरुषास सन १७७२ मध्ये पंचवीस बिघे जमीन इनाम दिली." हे वाक्य आम्ही सगळे पाठ म्हणायचो. गेल्या वर्षी परदेशात वाढलेल्या भाचीने त्या कागदाचं भाषांतर मागितलं. मी मोडी हौसेने शिकलेलो, म्हणून काम माझ्याकडे आलं आणि मी प्रथमच मूळ कागद पेटीतून काढला. तोवर सगळ्यांनी झेरॉक्सच पाहिली होती, काकांनीसुद्धा वाचन झेरॉक्सवरूनच केलं होतं.

कागदाला कसर लागलेली. उजवीकडचा खालचा कोपरा गेलेला, मध्ये दोन भोकं. शेवटच्या दोन ओळी आहेत तशा उतरवल्या, त्या अशा :

श्रीमंत राजश्री [· · ·]राव साहेब यांणी जमीन बिघे पंचवीस [– – –]
छ १० सवाल सन [· ·]स सबैन म[या] व अलफ

चौकोनी कंसात जे आहे ते आज कागदावर नाही. एक टिंब म्हणजे अंदाजे एक अक्षर. आडव्या रेघा म्हणजे किती गेलं तेच सांगता येत नाही, कारण कोपराच उडालाय. ही खुणांची पद्धत माझी नव्हे. १९३१ साली हॉलंडमधल्या लायडनला विद्वानांनी ग्रीक-लॅटिन लेखांसाठी ती ठरवली, आणि ती आपल्या मोडीलाही चालते.

आता यातल्या एकेका भोकाची गोष्ट वेगळी आहे. "म[या]" मधला "या" मी भरला आणि निर्धास्त झोपलो. हा सुहूर सन आहे, अरबी शब्दांत लिहितात. "मया" म्हणजे शंभर, "अलफ" म्हणजे हजार, आणि त्या शतकातल्या शेकडो पत्रांत "मया व अलफ" हीच जोडी येते. तिथे दुसरं काही बसतच नाही. याला मी पूर्ती म्हणतो.

एककाच्या जागी मात्र घोळ आहे. "सबैन" म्हणजे सत्तर, ते स्वच्छ आहे. त्याआधी भोक आणि भोकाच्या काठावर एकच "स" शिल्लक. एक ते नऊपर्यंतचे शब्द म्हणून पाहा : इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. शेवटी "स" येणारे दोनच, सलास म्हणजे तीन आणि खमस म्हणजे पाच. दोन्ही तीन अक्षरी, म्हणजे भोकाची रुंदी मोजूनही निकाल लागत नाही! सन ११७३ किंवा ११७५. सुहूर सन जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतो. जून ते डिसेंबरात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. सवालची १० तारीख पहिल्या हिशोबाने जानेवारी १७७३ च्या सुरुवातीला येते, दुसऱ्याने डिसेंबर १७७४ च्या मध्याला. काकांचं १७७२ दोन्हीत बसत नाही. त्यांनी सलास वाचून सरसकट ५९९ मिळवले असावेत.

आणि इथेच माधवराव अडखळतात. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. कागद कुठल्याही वाचनाने त्यानंतरचा. गेलेल्या माणसाच्या आधी "कैलासवासी" लिहायची रीत, ते इथे नाही. "श्रीमंत राजश्री" शाबूत आहे.

मग काकांना "माधव" दिसला कुठून? कारण कागद दुमडलेला होता. झेरॉक्स काढताना भोकातून मागच्या घडीवरची शाई दिसत होती, तिथला एक "व" नेमका "राव"च्या आधी येऊन बसला. मी भोकामागे कोरा कागद सरकवला आणि "व" नाहीसा झाला. कुणी घरचे कागद मोबाईलवर फोटो काढून वाचत असाल तर एवढं आधी करा, बाकी सगळं नंतर.

रिकाम्या जागेत तीन अक्षरं मावतात, दाटीने चार. हे त्याच लेखकाच्या वरच्या अखंड ओळीवर मोजून ठरवलं. जानेवारी १७७३ धरलं तर [नारायण]राव पेशवे, जरा दाटीने. डिसेंबर १७७४ धरलं तर [गोविंद]राव गायकवाड अगदी मापात. त्या दिवसांत त्यांचा आणि फत्तेसिंगरावांचा गादीवरून तंटा चालूच होता. फत्तेसिंगही चार अक्षरांत दाटीने बसतो. म्हणजे हा तर्क झाला, पूर्ती नव्हे, आणि तर्क मी ओळीत घातला नाही. ओळीत रिकामा कंस, नावं खाली टिपेत.

राहिलं "इनाम". जमिनीच्या पुढे कागदच नाही. दिली, घेतली, गहाण टाकली की मोजून मागितली, एक अक्षरही उरलेलं नाही. काकांची पुस्तिका तिथे "इनाम दिली" म्हणते, कंसाशिवाय.

मूळ उतरवणं त्या मानाने सोपं, भाषांतरात जास्त त्रास झाला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्ये जातं, आणि हरवलेलं नेमकं तेच! वाक्य पुरं करायचं तर क्रियापद बनवावं लागतं. म्हणून मी वाक्य मोडकंच ठेवलं. शिवाय "[· ·]स" सारखा अर्धा शब्द भाषांतरात अर्धा राहू शकत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही वर्षं देऊन मध्ये "किंवा" लिहिलं. भाचीला पाठवलं त्याचं मराठी रूप असं :

"श्रीमंत राजश्री [नाव गेले, सुमारे तीन अक्षरे]राव साहेब यांनी पंचवीस बिघे जमीन [पुढचा मजकूर गेला, किती ते कळत नाही]. १० सवाल, सन ११७३ किंवा ११७५ [एककाच्या शब्दातले शेवटचे 'स' एवढेच उरले]."

"मया"चा कंस भाषांतरात गाळला, कारण त्याने अर्थ बदलत नाही. पण खाली टिपेत तसं लिहिलंय, लपवलं नाही.

काकांना वाचून दाखवायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. वय ८४, आणि त्या पुस्तिकेवर त्यांचा जीव. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझा माधवराव भोकातून आला म्हणतोस." मी म्हटलं, "काका, मागच्या पानावरून आला." हसले नाहीत. चष्मा लावून कागद, त्यामागे कोरा कागद, असं स्वतः दोनदा सरकवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "इनाम मी वडिलांकडून ऐकलं होतं, मी बनवलेलं नाही. ते कुठे लिहिणार?" खरंच होतं, घरातली ऐकीव गोष्ट ही पण माहितीच, फक्त ती कागदात नाही. टिपेत ओळ घातली : "जमीन इनाम मिळाली अशी घरातील ऐकीव माहिती, काकांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली, कागदात आधार नाही." वाचून दाखवली. शेवटचे तीन शब्द काढता येतील का, विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं. "बरं, राहू दे," म्हणाले, आणि पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत पहिल्या पानावर पेन्सिलीने कंस घालून द्यायला मला रविवारी बोलावलंय. एकवीस प्रती आहेत.