दागिन्याच्या फिरत्या व्हिडिओचा प्रॉम्प्ट

दागिना फिरत्या पाटावर ठेवून स्टुडिओत चित्रित केल्यासारखा दिसावा, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या व्हिडिओ-साधनाला दिलेली लेखी सूचना. हाताने दागिने घडवून विकणारे छोटे विक्रेते ती वापरतात. तिच्यासोबत दागिन्याचा खरा फोटो द्यावा लागतो. नुसत्या शब्दांवरून साधन त्या प्रकारचा कुठलातरी दागिना दाखवते.

नमुना : सहा मोती आणि मधोमध लाल खडा असलेल्या कुडीसाठी प्रॉम्प्ट असा लिहिता येतो : ‘सोबतच्या फोटोतील कुडी छोट्या स्टँडवर लावली आहे. सहा मोती, मध्ये एक लाल खडा. उजवीकडचा खालचा मोती किंचित लहान. स्टँडखालचा पाट एकाच संथ गतीने दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांपर्यंत फिरतो. कॅमेरा स्थिर. डावीकडून वरून मोठ्या सॉफ्टबॉक्सचा मऊ प्रकाश, उजवीकडे पांढरा पुठ्ठा. पार्श्वभूमी फिकट राखाडी, साधी.’

फिरणे : ‘कॅमेरा स्थिर’ हे शब्द गाळले, तर साधन पुष्कळदा पाटाऐवजी कॅमेराच दागिन्याभोवती फिरवते, मग पार्श्वभूमीही सरकताना दिसते. पूर्ण फेरी आठ सेकंदांत घेतली, तर दर सेकंदाला ४५ अंश वळण होते. खरी अडचण मागच्या बाजूची असते. फोटोत न दिसणारी फिरकी आणि तारेची बांधणी साधन अंदाजाने रचते. म्हणून एकच फोटो असेल, तर दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांपर्यंतच वळण मागावे. पूर्ण फेरी हवी असल्यास, अनेक फोटो घेणाऱ्या साधनाला मागचा फोटोही द्यावा.

प्रकाश : मोत्याच्या गोल पृष्ठभागावर दिव्याचेच प्रतिबिंब पडते. छोट्या दिव्याची टोचणारी ठिपक्याएवढी चमक उमटते, तर मोठ्या सॉफ्टबॉक्सची चमक पसरट आणि कडेला विरत जाणारी असते. मात्र चारही बाजूंनी सारखाच प्रकाश मागितला, तर सावली नाहीशी होऊन मोती चपट्या टिकलीसारखा दिसतो. यासाठी मुख्य दिवा एकाच बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला केवळ पांढऱ्या पुठ्ठ्याचा परतलेला उजेड घेतात.

पारख : व्हिडिओ ठिकठिकाणी थांबवून मोती मोजावेत, वळणावर सहाचे सात किंवा पाच होऊ शकतात. दिवा जागेवर असल्याने चमक प्रत्येक मोत्याच्या डाव्या वरच्या अंगालाच राहायला हवी. ती मोत्याबरोबर फिरू लागली, तर मोती रंगवल्यासारखा भासतो. आणखी एक दोष सहज नजरेतून सुटतो : साधन सगळे मोती एकसारखे करून टाकते, आणि हातकामाची खूण पुसली जाते. नमुन्यात लहान मोत्याचा उल्लेख त्यासाठीच आहे. तरीही व्हिडिओत आणि खऱ्या दागिन्यात फरक राहिला, तर तो व्हिडिओ वापरू नये. भारतात २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळणारी असावी लागते.