नावात देव, पण हाक कोणी मारावी?

गिरगावच्या जुन्या चाळींतील दारांवरच्या पाट्या वाचीत गेले, तर विठ्ठल, नारायण, गजानन, पांडुरंग ही नावे पुनःपुन्हा भेटतात. लालबाग-परळला कोकणातून आलेल्या मंडळींत रवळू, भैरू अशी ग्रामदेवतांची नावेही आढळतात. मुलाला हाक मारताना देवाचे स्मरण घडावे, हा त्यामागील भाव.

या श्रद्धेस मोठा आधार भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाच्या कथेचा. आचारभ्रष्ट अजामिळाने मरणसमयी धाकट्या मुलास ‘नारायणा’ अशी हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्यास यमदूतांच्या हातून सोडविले. दुसऱ्यास उद्देशून किंवा थट्टेने उच्चारलेले भगवन्नामही पाप हरण करते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

परंतु आपल्या घरांतील रीत पाहिली म्हणजे आम्हांस मोठे नवल वाटते. आजोबा निवर्तले की त्यांचे नाव नातवास ठेवीत. समजा, ते नाव नारायण. आजीने पतीचे नाव घ्यावयाचे नाही, सुनेने सासऱ्याचे घ्यावयाचे नाही. मग दिवसभर मुलास हाका मारणाऱ्या या दोघींच्याच तोंडी ‘नारायण’ येणे अशक्य! त्या त्यास ‘बाळ’ किंवा ‘अण्णा’ म्हणत. इतकेच काय, देवापुढे बसलेली आजीसुद्धा ते नाव टाळून देवाचे दुसरे नाव घेई. लग्नकार्यात किंवा हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून काय ते पतीचे नाव ओठांवर यावयाचे. पुरे नाव ऐकू येई ते शाळेत, मास्तर हजेरी घेत तेव्हा. आळीतील सवंगडी तर ‘नाऱ्या’ म्हणून मोकळे होत. अजामिळाची सवलत थट्टेतील नामास आहे. मोडलेल्या नामास ती लागू करावी की नाही, हे शास्त्रीबुवांनीच ठरवावे!

आपल्या गिरगावचेच उदाहरण घ्या. जगन्नाथ शंकरशेट (१८०३-१८६५) यांचे मूळ आडनाव मुरकुटे. पण वडिलांचे नावच आडनावाच्या जागी रूढ झाले. त्यांच्या पुत्राचे नाव विनायकराव. म्हणजे ‘विनायक जगन्नाथ शंकरशेट’ एवढे लिहिले की गणपती, विष्णू आणि शिव तिघेही एका ओळीत आले. बापाचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या पद्धतीने कागदावर असे दुहेरी-तिहेरी नामस्मरण सहज घडते. तोंडी मात्र जगन्नाथांना लोकांनी ‘नाना’च म्हटले, आणि ग्रँट रोडजवळच्या चौकासही ‘नाना चौक’ हेच नाव मिळाले.

आज सुना पतीस खुशाल नावाने हाक मारतात, आजीच्या जिभेवरील बंधनही गेले; पण पाळण्यात नारायण किंवा पांडुरंग क्वचितच येतो. आणि गिरगावातून जाणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट मार्गास लोक ‘जे. एस. एस. रोड’ म्हणून तीन अक्षरांवर भागवितात.