गृहपाठाचे मोजमाप

शाळेच्या इतिहासात इमारतींची आणि निकालांची नोंद होते. गृहपाठाची सहसा होत नाही. तरीही रोज संध्याकाळी शाळा प्रत्येक घरात शिरते ती गृहपाठाच्या वहीतूनच. त्या वहीने घरचा किती वेळ घ्यावा, याचा विचार राष्ट्रीय पातळीवर अनेक वर्षे होत आला आहे.

प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली शालेय ओझ्याविषयी अहवाल दिला. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातील शोधनिरीक्षणाखेरीज गृहपाठ नसावा आणि वरच्या वर्गांना आवश्यक तेथे दिलाच, तर तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा, असे तिने सुचविले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वेळेची मर्यादा सांगितली व २०२० च्या दप्तर धोरणानेही तीच ठेवली. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्यात दोन तास. सहावी ते आठवीला रोज एक तास. नववी ते बारावीला रोज दोन तास.

यातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. ही मर्यादा विषयाची नाही, मुलाची आहे. सातवीच्या पाच शिक्षकांनी प्रत्येकी वीस मिनिटांचे काम दिले, तर आपण जास्त दिले असे एकालाही वाटत नाही. मुलापुढे मात्र शंभर मिनिटांचे काम उभे राहते. म्हणून वर्गात एकच सामाईक तक्ता हवा आणि एका दिवशी तीनच विषयांची नोंद त्यावर व्हावी. गणिताचा सराव थोडा पण वारंवार लागतो. इतिहासाला आठवड्यातला एक दिवस पुरतो. चौथीचे दोन तास म्हणजे चार अर्धे तास: दोन गणिताला, एक मराठी वाचनाला आणि एक आजीआजोबांना प्रश्न विचारून परिसर समजून घेण्याला. नववीपुढे दोन तासांची आखणी विद्यार्थ्याने स्वतः करावी. शिक्षकाने ती केवळ तपासावी.

मिनिटे मोजताना घर विसरून चालत नाही. कुणाचे आईवडील नोएडा-गुरुग्रामहून रात्री उशिरा परततात, कुणाच्या घरी मराठी वाचणारे कुणी नसते, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते. मोठ्यांच्या मदतीवाचून न होणारा गृहपाठ मुलाची नव्हे, घराची परीक्षा घेतो. मोठ्यांच्या वळणाचे अक्षर किंवा अनेक वह्यांतील शब्दशः सारखी उत्तरे हीच त्याची खूण. अशा मुलांना शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास वर्गातच मिळावा.

ठरलेला वेळ संपला, की पालकांनी वहीत ‘येथे थांबलो’ असे लिहून सही करावी. त्याबद्दल शिक्षा नसावी. एकाच मुलाच्या वहीत अशी नोंद वारंवार दिसली, तर त्याच्या अडचणीची चौकशी करावी. मात्र अनेक वह्या एकाच उदाहरणापाशी थांबल्या, तर तो पाठ वर्गात पुन्हा शिकवायला हवा, हे शिक्षकाने ओळखावे.